दुकानाच्या गाळ्याचा नऊ वर्षांचा करार: भिंतीत घातलेला पैसा कोणाचा?

आरसा

माझं एक सलून आहे, आता दुसरं सुरू करतेय. गाळा पसंत पडला, मालकांशी बोलणंही छान झालं, आणि काल त्यांच्या वकिलांकडून कराराचा मसुदा आला. दोनदा वाचला. प्रत्येक कलम सुटं वाचलं तर ठीक वाटतं, पण सगळी एकत्र वाचली की पोटात गोळा येतो. म्हणून इथे विचारतेय.

खरे आकडे देत नाही. महिन्याचं भाडं १०० धरा, बाकीचे आकडे त्याच मापात आहेत. डिपॉझिट ६००. करार ९ वर्षांचा. पहिली ३ वर्षं मला सोडता येणार नाही, त्यानंतर दोघांपैकी कोणीही ३ महिन्यांच्या नोटिशीने करार संपवू शकतो. तोंडी ठरलं होतं दर ३ वर्षांनी १५ टक्के वाढ. मसुद्यात आलंय दरवर्षी ५ टक्के. विचारलं तर म्हणाले, "एकच झालं की ताई."

इंटिरिअरचा सगळा खर्च माझा, अंदाजे १५००. त्यासाठी २ महिने भाडं माफ आहे. पुढे एका कलमात म्हटलंय की जागेला कायम जोडलेलं सगळं काम मालकांचं होईल. दोन पानांनंतर दुसऱ्या कलमात म्हटलंय की जाताना जागा "मूळ स्थितीत" करून द्यायची. गाळ्यात आधीच्या भाडेकरूने बांधलेला लोखंडी पोटमाळा तसाच उभा आहे, त्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

शिवाय पोटभाडे, ताबा देणे, जागा दुसऱ्याबरोबर वापरणे, सगळ्याला बंदी आहे. माझ्या पहिल्या सलूनमध्ये नखांचं काम करणारी एक मुलगी एक टेबल घेऊन बसते, मला महिन्याला ठरावीक रक्कम देते. इथेही तसंच करायचा विचार होता.

यातलं काय बदलून मागू, आणि कशावर अडून बसू?

सरळहिशेब

भाडेवाढीवर वेळ घालवू नका. ५ त्रिक १५. चक्रवाढीने १५ च्या जागी पावणेसोळा होतात, म्हणजे फरक पाऊण टक्क्याचा. मालक खरंच बोलतायत. त्यापेक्षा डिपॉझिट कमी करून घ्या.

निवांत

माझाही असाच अनुभव. फ्लॅट सोडताना मालकाने रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. मी खिळासुद्धा मारला नव्हता. राहत्या जागेत झिजेचे पैसे घेता येत नाहीत असं मी ऐकलंय, ते तुम्ही ठणकावून सांगा.

टिपणवही

निवांत, घराचा आणि दुकानाचा करार एका मापाने मोजू नका. बऱ्याच ठिकाणी घराच्या भाडेकरूला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते दुकानदाराला नसतं. तिथे कागदावर जे लिहिलंय तेच बहुतेक वेळा चालतं. म्हणून आरसा आत्ता, सहीच्या आधी विचारतायत हे फार बरं झालं.

दुकानांच्या जागा भाड्याने घेण्याचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे असे मसुदे रोज हातात असतात. आधी भाडेवाढ. सरळहिशेब, तुमचा पाऊण टक्का बरोबर आहे, पण खरा फरक तिथे नाहीच. दर ३ वर्षांनी १५ म्हटलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही भाडं १०० च राहतं. दरवर्षी ५ म्हटलं की दुसऱ्या वर्षी १०५, तिसऱ्या वर्षी ११०. म्हणजे वाढ आधी सुरू होते, आणि तो फरक प्रत्येक टप्प्यात पुन्हा येतो.

९ वर्षांची बेरीज करून बघा. दर ३ वर्षांनी १५ टक्के: तीन वर्षं १००, तीन वर्षं ११५, तीन वर्षं १३२.२५. एकूण साधारण १२,५००. दरवर्षी ५ टक्के, आदल्या वर्षीच्या भाड्यावर: एकूण साधारण १३,२३०. फरक ७३० चा, म्हणजे सुरुवातीच्या भाड्याने सात महिन्यांहून जास्त. आणि नवव्या वर्षी एकीकडे १३२ आणि दुसरीकडे जवळपास १४८ चालू असेल.

दरवर्षी ५ टक्के, पण कायम पहिल्या १०० वरच, असं लिहिलं तर एकूण १२,९६० होतात. म्हणजे मधला रस्ताही आहे. मसुद्यात "चालू भाड्यावर" आहे की "मूळ भाड्यावर", तेवढा एक शब्द बघा.

आरसा

"लगतपूर्वीच्या महिन्यात देय असलेल्या एकूण रकमेवर" असं आहे.

टिपणवही

मग आणखी एक प्रश्न. त्या एकूण रकमेत देखभाल खर्च धरलाय का? धरला असेल तर तुम्ही जिन्याच्या दिव्यावर आणि सफाईवरही दरवर्षी ५ टक्के देणार, प्रत्यक्ष खर्च वाढो न वाढो. देखभाल वेगळी काढा, ती प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, हिशेब दाखवून घ्यावी असं लिहा. वाढ फक्त भाड्याच्या आकड्यावर.

सरळहिशेब

बेरीज करून पाहिली. ७३० बरोबर आहे. मी नुसते टक्के बघितले, महिने मोजले नाहीत. माझं वरचं उत्तर धरू नका.

गाळा_४

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, माझे दोन गाळे भाड्याने आहेत. दरवर्षीच्या वाढीमागे लुबाडणूकच असते असं समजू नका. तीन वर्षांनी एकदम १५ टक्के मागायला गेलं की भाडेकरूला ते अचानक वाटतं आणि दरवेळी वाद होतो. दरवर्षी थोडं वाढलं की दोघांनाही सवय असते. पण तोंडी एक ठरलं आणि कागदावर दुसरं आलं, हे मला पटलेलं नाही. तुमच्या मालकांना मसुदा वकिलाने साच्यातून काढून दिला असेल आणि त्यांनी वाचलाही नसेल, अशी दाट शक्यता आहे. शांतपणे बेरीज दाखवा.

पोटभाड्याबद्दल मात्र मी कडक आहे. मागे माझ्या एका भाडेकरूने अर्धी जागा मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिली. पुढे भाडेकरूचा धंदा बसला, तो गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, मी त्यांना पैसे भरलेत, मी का उठू? त्याला उठवायला मला जवळपास दोन वर्षं लागली. त्या काळात ना भाडं, ना जागा.

आरसा

पण दादा, ती मुलगी पोटभाडेकरू कुठे आहे? माझ्याच दुकानात एका टेबलावर बसते.

टिपणवही

ते टेबलावर ठरत नाही. तिच्याकडे स्वतःची किल्ली आहे का, बाहेर तिच्या नावाची पाटी आहे का, गिऱ्हाइकाला ती स्वतःचं बिल देते का, आणि त्या टेबलावर तुम्ही दुसऱ्या कोणाला बसवू शकता का, हे बघतात. किल्ली तुमची, पाटी तुमची, पैसे तुमच्या गल्ल्यात आणि तिला टक्केवारी, असं असेल तर ती तुमच्या धंद्याचा भाग म्हणता येते. ठरावीक महिना रक्कम देऊन ती स्वतःचा गल्ला चालवत असेल तर मामला सरकत सरकत पोटभाड्याकडे जातो. आणि तुमच्या मसुद्यात तर "सहवापर" हाही शब्द आहे. त्या एका शब्दात ती मुलगी नक्की सापडते, पोटभाडं असो वा नसो. उद्या मालकांना तुम्हाला काढायचं असेल तर हे कारण आयतं हातात.

म्हणून बंदी उठवा असं मागू नका, मागितलं तरी मिळणार नाही. अपवाद लिहून मागा: सलूनच्या धंद्याशी जोडलेलं काम करणाऱ्या जास्तीत जास्त दोन व्यक्ती, भाडेकरूच्या देखरेखीखाली, स्वतंत्र किल्ली आणि पाटीशिवाय.

गाळा_४

असं कोणी माझ्याकडे आणलं तर मी सही करेन. फक्त त्या व्यक्तीकडूनही एक कागद हवा, की तिचा जागेवर काही हक्क नाही आणि मूळ करार संपला त्या दिवशी तिचं बसणंही संपलं. मला भीती तेवढीच आहे.

चष्मा

पोटभाड्यावरून आठवलं म्हणून सांगतो. माझ्या भावाचं दुकान दोघांच्या भागीदारीत होतं. धंदा वाढला म्हणून त्यांनी कंपनी केली. माणसं तीच, पाटी तीच. मालक म्हणाले, करार भागीदारी संस्थेशी होता, कंपनी म्हणजे वेगळा इसम, तेव्हा हे हस्तांतर झालं. नवा करार आणि नवं भाडं मागितलं. शेवटी भावाने भाडं वाढवून दिलं, कारण दुकानात घातलेलं फर्निचर उचलून नेता येत नव्हतं.

टिपणवही

चष्मा यांनी शेवटच्या वाक्यात जे सांगितलं, ती या सगळ्या कराराची कळ आहे. आरसा, तुमच्या पोटात गोळा येतो म्हणालात ना, तो याचाच. भाडेवाढ, मुदत, पोटभाडे, मूळ स्थिती ही वेगवेगळी कलमं दिसतात, पण ती सगळी तुमच्या १५०० भोवतीच फिरतात.

आधी ते १५०० दोन भागांत मोडा. खुर्च्या, आरसे, यंत्रं, सुटे दिवे असं उचलून नेता येणारं किती, आणि फरशी, नळाचं काम, वायरिंग, छत, एसीचे पाइप असं जागेत रुतून बसणारं किती?

आरसा

अंदाजे ५०० उचलता येईल. १००० रुतेल.

टिपणवही

ते १००० तुम्ही ९ वर्षं वापरणार असं मनात धरलंय. १०८ महिन्यांवर पसरलं तर महिना ९ च्या थोडं वर. म्हणजे तुमचं खरं भाडं सुरुवातीला १०९. पण मालक ३ वर्षांनी ३ महिन्यांची नोटीस देऊ शकतात, म्हणजे तुमच्या हातात खात्रीचे महिने ३९ च. १००० भागिले ३९, महिना जवळपास २६. म्हणजे खरं भाडं १२६. कागदावर ९ वर्षं लिहिलीत आणि तुम्हाला हमी मिळालीय सव्वातीन वर्षांची.

भाड्यात ५ टक्के सूट मागण्यापेक्षा हे कलम बदलून घेणं कितीतरी मोलाचं. पहिली मागणी ही की ३ वर्षांनंतर सोडायची मुभा फक्त भाडेकरूला असावी. भाडं थकलं, अटी मोडल्या तर मालकांना करार संपवता यावा, त्याला हरकत नाही. ते अडले तर दुसरी मागणी: मालकांनी स्वतःहून मुदतीआधी काढलं तर रुतलेल्या खर्चाचा उरलेला भाग परत द्यावा. ३९ महिन्यांनी काढलं तर ६९ महिने उरतात, १००० चे १०८ भाग करून त्यातले ६९, म्हणजे साधारण ६४० परत. त्यासाठी खर्चाचा आकडा बिलांसह, काम संपल्यावर ३० दिवसांत मालकांना देऊन त्यावर पोच घ्यायची. नाहीतर पुढे आकड्यावरच भांडण.

आणि ९ वर्षांनंतर नूतनीकरण कसं लिहिलंय?

आरसा

"त्या वेळच्या बाजारभावानुसार, गाळ्याची तत्कालीन स्थिती विचारात घेऊन."

टिपणवही

हे वाक्य मी सगळ्यात आधी खोडेन. तत्कालीन स्थिती म्हणजे तुम्ही केलेली फरशी, तुम्ही आणलेलं पाणी, तुमचं छत. समजा त्या वेळी कोरा गाळा १५० ला जात असेल आणि तयार गाळा १७५ ला. हे वरचे २५ तुम्ही तुमच्याच खर्चावर भाडं म्हणून भराल, तेही दर महिन्याला. त्या जागी लिहा: भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या सुधारणा नसल्याचे समजून बाजारभाव ठरवावा.

हस्तांतराचंही तेच. तुम्हाला पाचव्या वर्षी धंदा विकावासा वाटला, तर विकत घेणारा तुमच्या १००० पैकी काही मोजेल, पण करार त्याच्या नावावर होणार असेल तरच. नाहीतर तुम्ही विकाल फक्त खुर्च्या. म्हणून धंदा विकताना करार हस्तांतरित करायला मालकांनी योग्य कारणाशिवाय संमती नाकारू नये, आणि २१ दिवसांत उत्तर न दिल्यास संमती समजावी असं लिहून मागा. त्याच कलमात, तुमची स्वतःची मालकी अर्ध्याहून जास्त राहील तोवर फर्म बदलणं हस्तांतर धरू नये, हेही घाला. चष्मा यांच्या भावाचं जे झालं ते टळेल.

गाळा_४

२१ दिवसांवर माझा आक्षेप आहे. मी मागच्या वर्षी दीड महिना मुलीकडे होतो. त्या काळात घरी पत्र येऊन पडलं असतं तर मी न बघितलेला माणूस माझ्या गाळ्यात बसला असता. उत्तर दिलं नाही म्हणून संमती, हे मी कधीच मान्य करणार नाही.

टिपणवही

मग भाडेकरूने काय करायचं? गिऱ्हाईक दोन महिने थांबत नाही.

गाळा_४

दोन वेळा नोटीस द्या, दुसरी ईमेलवरही द्या. मी मुदत वाढवून देईन, पण गप्प राहणं म्हणजे हो, हे नाही.

टिपणवही

यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. मी भाडेकरूच्या बाजूने बसले की ते कलम मागतेच, आणि अनेकदा मिळत नाही हेही खरं. आरसा, मालक याच्यावर अडले तर यासाठी बाकीचं सोडू नका.

चष्मा

आता माझी स्वतःची गोष्ट, मूळ स्थितीची. मी ६ वर्षं एका गाळ्यात होतो. सोडायच्या आधी महिनाभर मालक म्हणत होते, छत आणि दिवे राहू देत, पुढच्याला उपयोगी पडतील. मी निर्धास्त. शेवटचे दहा दिवस उरले तेव्हा लेखी पत्र आलं, सगळं काढून जागा मूळ स्थितीत द्या. दहा दिवसांत दुकान हलवू की छत उतरवू? माझंही शेवटचं भाडं १०० धरा. डिपॉझिट ५०० होतं. फरशी बदलण्याचे १५०, छत आणि वायरिंग ६०, रंग ४०, आणि काम चाललं त्या महिन्याचं भाडं १००, असे ३५० कापले. हातात १५०.

दोन महिन्यांनी सहज तिथून गेलो. नवं दुकान थाटलेलं. फरशी तीच, छत तेच, दिवेसुद्धा मीच बसवलेले. आणि ती फरशी मुळात मी घातलेलीच नव्हती, माझ्या आधीच्या माणसाची होती. पण माझ्याकडे ताबा घेतल्याच्या दिवसाचा एकही फोटो नाही. वर्ष झालं, पत्रं पाठवतोय, अजून काही हाती नाही.

टिपणवही

वाचून वाईट वाटलं. तुम्ही दुकानातल्या सध्याच्या फरशीचे, छताचे फोटो तारखेसह घेतलेत का? नसतील तर बाहेरून दिसतंय तेवढे तरी घ्या. आणि मालकांकडे त्या ३५० ची बिलं लेखी मागा. काम झालंच नसेल तर बिल कुठून येणार? पैसे परत मिळतील की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तुमच्या करारातल्या शब्दांवर आणि तिथल्या कायद्यावर आहे. पण बिलं मागितल्याचं पत्र असणं तुमच्या कामी येईल.

आरसा, "मूळ स्थिती" या दोन शब्दांना करारात तारीख नसते, हीच अडचण. मूळ म्हणजे केव्हाची? इमारत बांधली तेव्हाची, की तुम्हाला किल्ली मिळाली त्या दिवशीची? म्हणून शब्द बदला: "ताबा दिल्या दिवशीच्या स्थितीत, सोबत जोडलेल्या स्थिती-नोंदीप्रमाणे, नेहमीच्या वापराची झीज वगळून." आणि ती नोंद खरोखर करा. भिंत, फरशी, छत, शटर, मीटर, नळाची तोटी, प्रत्येकाचा फोटो, मोजमापासह एक साधा नकाशा, प्रत्येक पानावर दोघांची सही. पोटमाळा त्यात ठळक दाखवा.

चष्मा यांच्या शेवटच्या दहा दिवसांवरचा उपाय असा: काय ठेवायचं आणि काय काढायचं, याची यादी मालकांनी मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी लेखी द्यावी. ती आली नाही तर रुतलेलं काम आहे तिथे राहील. आणि डिपॉझिटमधून कपात फक्त प्रत्यक्ष झालेल्या कामाची, बिल दाखवून. तुमच्या मसुद्यात एक कलम म्हणतं काम मालकांचं, दुसरं म्हणतं काढून द्या. दोन्ही तशीच राहिली तर जे त्या वेळी सोयीचं, ते मालक निवडतील.

आणखी एक: काढण्याचं काम मुदत संपायच्या आत पूर्ण करायचं असतं, नाहीतर वरचे दिवस भाड्याने, कधी दुप्पट भाड्याने मोजतात. तुमच्या मसुद्यात जास्त राहिल्यास काय दर आहे ते बघा.

ओळंबा

मी इंटिरिअरची कामं घेतो, बसवायचीही आणि उखडायचीही. कराराचं मला फार कळत नाही, पण सलून म्हटलं म्हणून लिहितो. जाताना किती खर्च येणार ते काम बसवतानाच ठरतं.

सलूनमध्ये केस धुवायची बेसिनं असतात. सांडपाण्याच्या नळीला उतार लागतो, मीटरला साधारण २ सेंटीमीटर धरा. बेसिन मुख्य नळापासून ५ मीटर लांब ठेवलं तर १० सेंटीमीटर उतारालाच गेले, वर नळीची जाडी. मग लोक तेवढा भाग १५-२० सेंटीमीटर भरून वर उचलतात. काँक्रीटचा १५ सेंटीमीटर थर म्हणजे चौरस मीटरला साधारण ३६० किलो वजन. १० चौरस मीटर भरलं तर साडेतीन टनांच्या वर. एवढं वजन स्लॅबवर टाकायला मालकांची आणि इमारतीच्या अभियंत्याची लेखी परवानगी हवी, आणि जाताना ते फोडून, पोती भरून, खाली उतरवून न्यायचं. फोडताना खालच्या जुन्या फरशीचा आणि पाणीरोधक थराचा जीव जातो, आणि खालच्या दुकानात ओल उतरली की तो खर्चही तुमच्यावर.

त्याऐवजी बेसिनं मुख्य नळाजवळच्या भिंतीला घ्या, आणि उचललेला भाग भरावाचा न करता लोखंडी चौकटीवर सिमेंट बोर्ड टाकून करा. स्क्रू काढले की उचलून नेता येतो, जुनी फरशी खाली शाबूत. नळाची तोंडं बंद करायची ती बेसिनपाशी नाही, मुख्य नळापाशी. मध्ये मेलेली नळी राहिली की वास येतो आणि पुढचा भाडेकरू मालकाला धरतो.

आरसा

ओळंबा काका, आमच्या नकाशात बेसिनं मागच्या भिंतीला आहेत आणि मुख्य नळ पुढच्या कोपऱ्यात. आजच डिझायनरशी बोलते. म्हणजे माझ्या १००० पैकी बराचसा भाग ५०० कडे सरकू शकतो?

ओळंबा

चौकट, कप्पे, काउंटर, दिव्यांच्या पट्ट्या, हे सगळं स्क्रूवर करता येतं. फरशी, वायरिंग आणि नळ रुतणारच. सगळं नाही, पण १००० चे ७५०-८०० होतील असं मला वाटतं. जागा बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही.

गाळा_४

मालक म्हणून एक सुचवतो. काढण्याच्या कामावरून भांडण्यापेक्षा आत्ताच एक आकडा ठरवा. जाताना भाडेकरूने एकतर यादीप्रमाणे काम करून द्यावं, नाहीतर ठरलेली रक्कम, समजा त्या वेळचं दीड महिन्याचं भाडं, देऊन मोकळं व्हावं. मी माझ्या एका गाळ्यात असं केलंय. मलाही ठेकेदार शोधत बसावं लागलं नाही.

सरळहिशेब

त्या वेळचं दीड महिन्याचं भाडं म्हणजे वाढलेलं भाडं. नवव्या वर्षी १४८ प्रमाणे २२०. आज काढायला खरा खर्च किती येईल ते आधी ओळंबांकडून घ्या, मग आकडा मान्य करा. यावेळी महिने मोजूनच सांगतोय.

आरसा

चार दिवसांनी लिहितेय. मालकांना भेटले. बेरजेचा कागद नेला होता. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, वकिलांनी त्यांच्या साच्यात घातलं, मी तीन वर्षांनी १५ वरच बोललो होतो. ते बदलून मिळालं. देखभाल वेगळी झाली. नूतनीकरणातली "तत्कालीन स्थिती" गेली.

मुदतीआधी काढायचा हक्क सोडायला ते तयार नाहीत, मुलगा परत आला तर त्याला गाळा लागेल म्हणतात. पण उरलेला खर्च परत द्यायला तयार झाले, फक्त ६ वर्षांत तो संपलेला धरायचा म्हणतात, ९ नाही.

टिपणवही

मग हिशेब असा. १००० चे ७२ भाग. ३९ महिन्यांनी काढलं तर ३३ उरतात, म्हणजे ४५८ परत. ६४० च्या जागी. आणि ६ वर्षांनंतर काढलं तर काहीच नाही. वाईट सौदा नाही, पण त्याच्या बदल्यात नोटीस ३ महिन्यांची ६ करून मागा. सलूनला नवी जागा शोधून ती तयार करायला तीन महिने पुरत नाहीत.

आरसा

मागते. नखांच्या मुलीसाठी अपवाद मिळाला, तिच्याकडून कागद द्यायच्या अटीवर. धंदा विकताना २१ दिवसांचं कलम नाही म्हणाले, गाळा_४ दादांसारखंच. ९० दिवसांची यादी मान्य. अडलंय ते पोटमाळ्यावर. ते म्हणतात, माळा तुम्ही वापरणार, मग काढायचा तोही तुम्हीच. मी म्हटलं, मग आत्ताच काढून द्या, मला नको. त्यावर विचार करून सांगतो म्हणाले.

ओळंबा

ते विचार करताहेत तोवर माळ्याला वर चढून बघा. तो भिंतीत बोल्ट मारून टांगलाय, की स्वतःच्या खांबांवर उभा आहे? खांबांवर असेल तर गॅस कटर लागेल, पण काम दोन दिवसांचं. भिंतीत किंवा तुळईत रुतवला असेल तर काढल्यावर भोकं बुजवणं हे मोठं काम आहे, आणि तुळईत असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय कोणी हात लावू नये. आणि त्याच्याखाली फरशी आहे का तेही बघा. बऱ्याचदा खांब आधी उभे करतात आणि फरशी त्यांच्याभोवती कापून बसवतात. माळा निघाला की चार जागी उघडा स्लॅब दिसतो, आणि मग ती फरशी कोणाच्या खात्यात, हा नवा प्रश्न.

आरसा

खांब आहेत, चार. फरशी त्यांच्याभोवती कापलेलीच आहे, आत्ता फोटो मोठा करून पाहिला. उद्या ताबा-नोंदीचे फोटो काढायला जातेय, तेव्हा प्रत्येक खांबाच्या पायाशी पट्टी ठेवून काढते.